डावीकडून एक फेरी, उजवीकडून एक फेरी

बालवाडीतली मुलं एका रांगेत बसली आहेत. बाईंनी प्रत्येकाला काही गुण दिले आहेत आणि आता गोळ्या वाटायच्या आहेत. नियम दोनच. एकही मूल रिकाम्या हाताने राहता कामा नये, म्हणजे प्रत्येकाला किमान एक गोळी मिळाली पाहिजे. आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी ज्याचे गुण जास्त, त्याच्या गोळ्याही जास्त हव्यात. गोळ्या बाई स्वतःच्या पैशांनी आणणार आहेत, म्हणून त्यांना कमीत कमी किती लागतील ते हवं आहे.

प्रोग्रामिंगचा सराव करणाऱ्यांना हे कोडं चांगलं ओळखीचं आहे. लीटकोड या संकेतस्थळावर ते १३५व्या क्रमांकावर ‘कँडी’ या नावाने आहे आणि त्यावर ‘हार्ड’ असा शिक्का आहे. हॅकररँकवर तेच कोडं ‘कँडीज’ या नावाने आहे, तिथल्या बाईंचं नाव ऍलिस. ज्यांच्या घरात कुणी कॅम्पस मुलाखतींची तयारी करत असेल, त्यांनी कधीतरी जेवताना याबद्दल ऐकलंही असेल. गंमत अशी, की उत्तराचा प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा आहे आणि तो पाठ करून लिहिणारे पुष्कळ आहेत. तो बरोबर का येतो, हे विचारलं की मात्र बहुतेक जण अडतात. हा लेख त्या ‘का’साठी आहे.

आधी नियम नीट वाचू. तुलना फक्त शेजाऱ्याशी आहे. रांगेतल्या मुलांचे गुण ९०, ९५, १, २, ३ असे असतील, तर गोळ्या १, २, १, २, ३ अशा पुरतात. म्हणजे ९५ गुणांच्या मुलाला दोन आणि तीन गुणांच्या मुलाला तीन! आपल्याला हे खटकेल, पण नियमाला खटकत नाही, कारण ती दोन मुलं एकमेकांच्या शेजारी नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून जास्त फसवी आहे. शेजाऱ्यांचे गुण सारखे असतील तर काय, याबद्दल नियम गप्प आहे. सारख्या गुणांना सारख्या गोळ्या असं कुठेही म्हटलेलं नाही. १, २, २ या रांगेचं बरोबर उत्तर १, २, १ असं आहे, एकूण चार. शेवटच्या मुलाचे गुण मधल्याइतकेच आहेत, पण त्याला एका गोळीवर भागवलं तरी नियम मोडत नाही, आणि बाईंना तर काटकसर करायची आहे. पुष्कळांचा पहिला प्रयत्न इथेच चुकतो. मनातला न्याय ते नियमात घालतात.

आता सोडवायला बसू. कुणालाही सुचेल अशी पद्धत म्हणजे सगळ्यांना एकेक गोळी देऊन टाकायची आणि मग रांगेवरून डावीकडून उजवीकडे जात राहायचं. जिथे जास्त गुणांच्या मुलाला शेजाऱ्यापेक्षा जास्त गोळ्या नसतील, तिथे वाढवायच्या. शेवटापर्यंत गेलं की परत पहिल्यापासून. एक फेरी काहीही न बदलता पार पडली की काम संपलं. या पद्धतीने उत्तर बरोबर येतं. पण वेळ किती लागतो, हे मुलं कशी बसली आहेत त्यावर ठरतं.

गुण चढत्या क्रमाने असतील, समजा १, २, ३, ४, ५, तर पहिल्याच फेरीत सगळं जुळतं. प्रत्येक मुलापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या डावीकडचा आकडा पक्का झालेला असतो. तीच मुलं उलटी बसवा: ५, ४, ३, २, १. पहिल्या मुलापाशी आलो, त्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त हवी, म्हणून दोन दिल्या. दुसऱ्यापाशी आलो, त्याला तिसऱ्यापेक्षा जास्त हवी, म्हणून त्यालाही दोन. झालं, पहिल्याचं गणित परत बिघडलं. फेरी संपते तेव्हा गोळ्या २, २, २, २, १ अशा असतात आणि त्यातला फक्त चौथ्या मुलाचा आकडा नव्याने पक्का झालेला असतो. पुढच्या फेरीत तिसऱ्याचा होतो, त्याच्या पुढच्या फेरीत दुसऱ्याचा. एका फेरीला एक मूल, असा हा हिशेब आहे. लीटकोडवर रांगेत २०,००० पर्यंत मुलं असू शकतात. ती सगळी उतरत्या क्रमाने बसली, तर जवळपास २०,००० फेऱ्या आणि दर फेरीत २०,००० तपासण्या होतात, म्हणजे सुमारे ४० कोटी.

पण याच उतरत्या रांगेवरून आपण उजवीकडून डावीकडे चालत आलो असतो तर? शेवटच्या मुलाला एक, त्याच्या आधीच्याला दोन, मग तीन, चार, पाच. एकाच फेरीत काम संपलं असतं. मुलं तीच, नियम तोच, फक्त चालण्याची दिशा बदलली.

सगळ्या कोड्याची किल्ली इथे आहे. कुठल्याही मुलाचा आकडा ठरतो तो त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या शेजाऱ्यावरून. म्हणजे आकडे नेहमी कमी गुणांकडून जास्त गुणांकडे सरकतात. रांगेचा आलेख काढला तर घाटातल्या रस्त्यासारखा दिसेल, कुठे चढण, कुठे उतरण. डावीकडून उजवीकडे जाताना जो भाग चढणीचा आहे, तिथे आकडे आपल्याबरोबरच पुढे येतात. जो उतरणीचा आहे, तिथे ते समोरून आपल्या दिशेने येत असतात, म्हणून तो भाग उलट दिशेने चालत पाहायला हवा. दिशा दोनच असल्यामुळे फेऱ्याही दोन पुरतात.

एक रांग घेऊन हे करून पाहू. आठ मुलं, त्यांचे गुण ४, ६, ७, ९, ५, ३, ३, २.

डावीकडून निघताना उजव्या शेजाऱ्याचा विचारच करायचा नाही. प्रत्येकाने फक्त डावीकडे बघायचं. डावीकडच्यापेक्षा माझे गुण जास्त असतील तर त्याच्यापेक्षा एक गोळी जास्त, नसतील तर एकच. पहिल्याला डावीकडे कुणी नाही, त्याला एक. सहाला दोन, सातला तीन, नऊला चार. पाच हा नऊपेक्षा कमी, म्हणून परत एक. तीन पाचापेक्षा कमी, एक. दुसरा तीन त्याच्या शेजाऱ्याइतकाच, जास्त नाही, म्हणून एक. शेवटच्या दोनलाही एक. पहिल्या फेरीची यादी झाली १, २, ३, ४, १, १, १, १.

आता उजवीकडून परत यायचं आणि फक्त उजवीकडे बघायचं. शेवटच्या दोनला एक. त्याच्या आधीच्या तीनला दोन. त्याच्याही आधीच्या तीनला एक, कारण उजवा शेजारी बरोबरीचा आहे. पाचला दोन. नऊला तीन. सातच्या उजवीकडे नऊ आहे, म्हणून त्याला एक, तसंच सहाला आणि चारला. दुसरी यादी, डावीकडून वाचली तर, १, १, १, ३, २, १, २, १.

प्रत्येक मुलाला या दोन यादींतला मोठा आकडा द्यायचा: १, २, ३, ४, २, १, २, १. बेरीज १६. बाईंना सोळा गोळ्या लागतील.

नऊ गुणांच्या मुलाकडे जरा थांबून बघा. डावीकडची चढण म्हणते याला चार हव्यात, उजवीकडची उतरण म्हणते तीन पुरतील. शिखरावरच्या मुलावर दोन्ही बाजूंचा हक्क असतो आणि त्यातला मोठा मान्य करावाच लागतो. प्रोग्राम लिहिताना नेमकी इथेच चूक होते. दुसऱ्या फेरीत ‘मोठा आकडा ठेव’ असं सांगण्याऐवजी ‘उजवीकडच्यापेक्षा एक जास्त दे’ इतकंच लिहिलं, तर पहिल्या फेरीतले चार पुसले जाऊन तिथे तीन येतात. शेजारच्या सातकडेही तीनच आहेत, म्हणजे नियम मोडला. शिवाय बेरीज येते १५, म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा कमी. ज्या कोड्यात कमीत कमी आकडा शोधायचा आहे, तिथे असं चुकीचं उत्तर बरोबर उत्तराहूनही सरस वाटतं.

उलट बाजूही पाहू. नऊ आणि पाच यांच्या मध्ये आणखी दोन मुलं आणून बसवली, आठ आणि सहा गुणांची. उजवीकडची उतरण आता लांबली. परतीच्या फेरीत पाचला दोन, सहाला तीन, आठला चार आणि नऊला पाच. चढणीने चार मागितल्या होत्या, आता उतरण पाच मागते, म्हणून शिखराला पाच. एकूण २४. नव्या दोघांच्या सात गोळ्या आणि शिखरावरची वाढलेली एक, अशा आठ वाढल्या. लांब उतरण असेल तर तिच्या दूरच्या टोकाला बसलेलं मूलसुद्धा अशा तऱ्हेने शिखरावरचा आकडा वाढवू शकतं. नुसत्या डाव्या-उजव्या शेजाऱ्याकडे बघून तो ठरवता येणार नाही.

हे सगळं प्रोग्राममध्ये असं उतरतं:

```python
def candy(gun):
    n = len(gun)
    goli = [1] * n
    for i in range(1, n):
        if gun[i] > gun[i-1]:
            goli[i] = goli[i-1] + 1
    for i in range(n-2, -1, -1):
        if gun[i] > gun[i+1]:
            goli[i] = max(goli[i], goli[i+1] + 1)
    return sum(goli)
```

पायथन न येणाऱ्यांनीही यातली `max` असलेली ओळ पाहून ठेवावी. वर सांगितलेली चूक होते ती याच ओळीत. इथे दुसरी यादी वेगळी ठेवलेली नाही, पहिल्या यादीतच दुरुस्ती केली आहे. उत्तर तेच येतं.

आता ‘का’ या प्रश्नाकडे येतो. त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला भाग म्हणजे वाटप नियमात बसतं हे कशावरून? शंका रास्त आहे. पहिल्या फेरीने डावीकडचा नियम पाळला होता. मग दुसऱ्या फेरीत काही आकडे वाढवले. एखाद्या मुलाचा आकडा वाढवला आणि तो त्याच्याहून हुशार उजव्या शेजाऱ्याच्या बरोबरीला गेला, तर पहिली मेहनत वाया जाईल. पण असं होऊच शकत नाही. दुसऱ्या फेरीत आकडा वाढतो तो फक्त उजव्या शेजाऱ्यापेक्षा जास्त गुण असलेल्या मुलाचा. ज्याचा उजवा शेजारी त्याच्यापेक्षा हुशार आहे, त्याला ती फेरी हातही लावत नाही. म्हणजे चढणीवर डावीकडचा, खालचा आकडा जिथल्या तिथे राहतो आणि उजवीकडचा, वरचा आकडा फार तर वाढतो. त्यांच्यातलं अंतर वाढेल, मिटणार नाही. दोन फेऱ्या एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, म्हणूनच त्या दोनच पुरतात आणि तिसरी लागत नाही.

दुसरा भाग म्हणजे यापेक्षा कमी गोळ्यांत भागणार नाही हे कशावरून? आपल्या शिखरावरच्या मुलाचंच घ्या. त्याच्या डावीकडे ४, ६, ७ अशी चढण आहे. चारला निदान एक द्यावी लागते. मग सहाला निदान दोन, सातला निदान तीन आणि नऊला निदान चार. कुणीही, कुठल्याही पद्धतीने वाटो, यातून सुटका नाही. उजव्या यादीतला आकडाही असाच, उजवीकडून आलेली किमान मागणी आहे. दोन्ही किमान मागण्या पुऱ्या करायच्या तर मोठीपेक्षा कमी देऊन चालणार नाही. आपण बरोबर तेवढंच दिलं, एक गोळीही वर दिली नाही. म्हणून बेरीज कमीत कमी आहे, आणि एकूणच नव्हे तर प्रत्येक मुलाच्या वाट्याची संख्यासुद्धा कमीत कमी आहे.

मुलाखतीत हे दोन परिच्छेद तोंडी सांगता आले तर वरचा प्रोग्राम लिहिण्याला काही अर्थ आहे. या प्रकाराला ग्रीडी पद्धत म्हणतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याला समोर जे सगळ्यात स्वस्त दिसतं ते उचलायचं आणि मागे वळून बदलायचं नाही. अशा पद्धती अनेक ठिकाणी सपशेल फसतात. इथे ती फसत नाही याचं कारण एवढंच, की प्रत्येक आकडा हा टाळता न येणारा किमान आकडा आहे. हे कारण न सांगता ‘ही ग्रीडी आहे’ असं म्हणून थांबणं म्हणजे काहीच न सांगणं.

दुसरे मार्गही आहेत. मुलांना गुणांच्या क्रमाने लावायचं, सगळ्यात कमी गुणांच्या मुलापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाला त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या शेजाऱ्यांहून एक जास्त द्यायची. हेही बरोबर आहे आणि समजायला कदाचित जास्त सोपं आहे. फक्त क्रम लावण्याचा वेळ वर खर्च होतो. आणखी एक मार्ग आहे तो एकाच फेरीचा. त्यात यादी ठेवतच नाहीत. चालू चढणीची लांबी आणि चालू उतरणीची लांबी मोजत जायचं, आणि शिखर त्यांतल्या लांब बाजूच्या हिशेबात धरायचं. मुलाखत घेणारे ‘जादा जागा न वापरता करून दाखवा’ म्हणतात ते यासाठी. माझ्या मते एरवी त्या वाटेला जाऊ नये. २०,००० आकड्यांच्या यादीने आजच्या कुठल्याही संगणकाची अडचण होत नाही, आणि एका फेरीच्या प्रोग्राममध्ये सारख्या गुणांचे शेजारी आले की मोजणी कुठून परत सुरू करायची यावर हमखास घोटाळा होतो.

सारख्या गुणांना सारख्याच गोळ्या द्यायच्या असा नियम बाईंनी केलाच तर? त्याला फार मोठा बदल लागत नाही. दोन्ही फेऱ्यांत आणखी एक अट घालायची: शेजारी बरोबरीचा असेल तर त्याच्याइतकी मागणी. आपल्या आठ मुलांच्या रांगेत मग १, २, ३, ४, ३, २, २, १ असं वाटप होतं, एकूण १८. दोन गोळ्या जास्त. आणि मुलं रांगेऐवजी गोल करून बसली असतील, तर सगळ्यात कमी गुणांचं एक मूल शोधायचं. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहून कमी कुणीच नाही, म्हणून त्याला नक्की एक गोळी. तिथे गोल तोडायचा आणि ते मूल रांगेच्या दोन्ही टोकांना आहे असं धरून त्याच दोन फेऱ्या करायच्या. बेरजेत मात्र त्याला एकदाच मोजायचं.

एक सापळा राहिला, तो पद्धतीतला नाही, बेरजेतला आहे. हॅकररँकवर मुलं १ लाखापर्यंत असू शकतात. ती सगळी चढत्या गुणांची असतील तर गोळ्या १ पासून १ लाखापर्यंत द्याव्या लागतात, आणि त्यांची बेरीज होते ५०० कोटी ५० हजार. सी++ किंवा जावामधल्या साध्या `int` प्रकारात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपासचा आकडा मावतो. त्यापुढे संगणक सहसा तक्रार करत नाही, आकडा गुंडाळून परत खालून मोजू लागतो. या बेरजेचं उत्तर मग ७०,५०,८२,७०४ असं छापलं जातं. उणे आकडा आला असता तर लगेच संशय आला असता, पण हा आकडा दिसायला अगदी सरळ आहे. चढत्या गुणांची ६५,५३६ मुलं झाली की हा सापळा लागू होतो, म्हणून लहान उदाहरणांवर तपासणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. बेरीज ठेवायला जावामध्ये `long` आणि सी++मध्ये `long long` वापरला की प्रश्न मिटतो. लीटकोडच्या २०,००० मुलांत बेरीज २० कोटींच्या थोडी वर जाते, त्यामुळे तिथे चाललेला प्रोग्राम इथे नापास झाला, तर आधी पद्धतीवर शंका घेऊ नका, बेरजेचा प्रकार बघा.

ज्यांना स्वतः लिहून पाहायचं आहे, त्यांनी तपासणीसाठी या चार रांगा जवळ ठेवाव्यात. १, ०, २ या रांगेचं उत्तर ५ यायला हवं. १, ३, २, २, १ चं ७. जास्त आलं तर बरोबरीच्या शेजाऱ्यांत काहीतरी चुकलं आहे. १, २, ३, ४, १ चं ११. तिथे ९ आले तर `max` विसरला आहात. आणि ५, ४, ३, २, १ चं १५. तिथे ५ किंवा ९ आले तर उजवीकडची फेरी नीट झालेली नाही.